ज्यांची नावं घ्यायची नाहीत, त्यांचे आभार

५ फेब्रुवारी २०२४, सोमवार. आमच्या विभागाच्या नोटीस बोर्डावर कागद लागला: २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, विभागाचा संशोधन दिन. खाली कार्यक्रम, आणि कार्यक्रमात अकरा वाजून दहा मिनिटांनी माझं नाव. 'पीअर रिव्ह्यू म्हणजे काय, नव्या विद्यार्थ्यांसाठी. आणि परीक्षकांचे आभार. वेळ ६ मिनिटं.' पीअर रिव्ह्यू म्हणजे संशोधनाचा निबंध छापायच्या आधी त्याच विषयातल्या दुसऱ्या लोकांनी तो तपासणं. मला कोणी विचारलं नव्हतं. विचारायला गेले तर एचओडी मॅडम म्हणाल्या, "तुझा पेपर एकदा चांगला भाजून निघालाय ना, मग तूच सांग की."

मी बेळगावातच वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करते आणि आठवड्याला काही तास गेस्ट लेक्चरर म्हणून शिकवते. शिकवायची सवय आहे, पण भाषणाची नाही. सहा मिनिटांच्या भाषणाला मला तेवीस दिवस लागले. पुढच्या वर्षी तुमच्यापैकी कुणावर ही पाळी आली तर कुठे ठेच लागते ते कळावं, म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

पहिला खर्डा: ८ फेब्रुवारी

पहिला खर्डा इतिहासापासून सुरू केला, कारण तिथून सुरुवात केली की पानं आपोआप भरतात. '१६६५ साली रॉयल सोसायटीचं फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स निघालं आणि पीअर रिव्ह्यूचा जन्म झाला' हे वाक्य मी इतक्या ठिकाणी वाचलं होतं की शंकाही आली नाही. १२ तारखेला गाईड सरांना वाचून दाखवलं. सरांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "१६६५ मध्ये परीक्षक कोण होते? नावं सांग." मी गप्प.

नंतर शोधलं. ते नियतकालिक हेन्री ओल्डनबर्ग स्वतः चालवत होता. काय छापायचं ते तोच ठरवायचा, फार तर ओळखीच्यांशी बोलायचा. निबंधावर लेखी अहवाल मागवायची पद्धत रॉयल सोसायटीत १८३० च्या दशकात सुरू झाली. आणि 'नेचर'ने तर प्रत्येक निबंध बाहेरच्या परीक्षकांकडे पाठवायचा नियम १९७३ मध्ये केला. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा १९५३ चा प्रसिद्ध निबंध 'नेचर'मध्ये असा परीक्षणाविनाच छापला गेला होता.

म्हणजे पीअर रिव्ह्यूवरचं माझं भाषण पीअर रिव्ह्यूच्या पहिल्याच फेरीत आपटलं. सरांनी पहिलं पान उभं फाडलं नाही, एवढंच. "इतिहास काढ. तुझ्या ट्रेंची गोष्ट सांग," म्हणाले.

ट्रेंची गोष्ट

ही गोष्ट सांगायची मला लाज वाटत होती, म्हणूनच मी ओल्डनबर्गच्या आड लपले होते.

आमच्या भागात साखर कारखान्यांचं प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, भरपूर. ते कुजवून केलेलं खत रोपवाटिकेच्या माध्यमात मिसळलं तर संकेश्वरी मिरचीची रोपं जोमदार होतात का, हे मी पाहत होते. रोपं वाढवायचे खणांचे सहा प्रोट्रे घेतले. तिघांत तुलनेसाठी, म्हणजे कंट्रोल म्हणून, नुसतं कोकोपीट, तिघांत कोकोपीट आणि प्रेसमडचं खत. पस्तीसाव्या दिवशी प्रत्येक ट्रेमधली चाळीस रोपं पट्टीने मोजली. म्हणजे इकडे १२० आणि तिकडे १२०. खताच्या रोपांची सरासरी उंची १२.८ सेंटिमीटर, साध्यांची ११. दोन सरासरींची तुलना करणारी टी-टेस्ट लावली तर पी-व्हॅल्यू, म्हणजे खताचा काहीच परिणाम नसताना एवढा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता, ०.००१ पेक्षा कितीतरी कमी. मला आकाश ठेंगणं झालं. ९ ऑगस्ट २०२२ ला पेपर पाठवला.

उत्तर आलं २० डिसेंबरला. १३३ दिवस. (दर सोमवारी लॉगिन करून 'अंडर रिव्ह्यू' बघत बसण्यात अर्थ नाही, तरी मी बघायचेच.) पहिल्या परीक्षकाने किरकोळ दुरुस्त्या सांगितल्या होत्या. दुसऱ्याने सात मुद्दे लिहिले होते आणि तिसऱ्या मुद्द्यात माझा पेपर झोपला. त्याचा मतितार्थ असा: खत तुम्ही रोपांना वेगवेगळं दिलेलं नाही, ट्रेला दिलंय. एका ट्रेमधल्या चाळीस रोपांचं माध्यम एक, पाणी एक, जागा एक. तेव्हा तुमचे नमुने १२० नाहीत, ३ आहेत. आणि आकृती २ मधल्या फोटोत खताचे तिन्ही ट्रे शेडनेटच्या उजेडाच्या बाजूला एकत्र दिसतात. मग वाढ खताने झाली की उजेडाने?

तो फोटो मी हौसेने टाकला होता. रोपं हिरवीगार दिसत होती म्हणून.

दोन दिवस चिडचिड झाली. मग वही काढून ट्रेवार सरासरी मांडली. खताचे ट्रे: १४.१, ११.२, १३.०. साधे ट्रे: १०.९, ११.८, १०.२. असे आकडे समोर आल्यावर आणखी काही सांगावं लागत नाही. खताचा दुसरा ट्रे साध्याच्या दुसऱ्या ट्रेपेक्षा बुटका होता! तीन विरुद्ध तीन अशी टी-टेस्ट लावली तर टी आला १.८७. चार अंश स्वातंत्र्याला, म्हणजे सहा ट्रेंच्या हिशोबाने, तो २.७८ ओलांडायला हवा होता. म्हणजे फरक होता, पण तो खताचाच आहे असं म्हणायला माझ्याकडे आधार नव्हता.

या चुकीला नावसुद्धा आहे, स्यूडोरेप्लिकेशन. हर्लबर्ट नावाच्या परिस्थितिकी शास्त्रज्ञाने १९८४ साली यावर सविस्तर लिहिलंय. चूक जुनी, मी नवी.

एडिटरने 'मेजर रिव्हिजन'साठी ६० दिवस दिले होते. मी मेल करून आणखी ६० मागितले आणि लगेच मिळाले. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्याकडे बरीच मुलं मुदतवाढ मागायला घाबरतात आणि अर्धवट उत्तर पाठवून देतात. मागा. कारण नीट लिहा: 'प्रयोग पुन्हा करावा लागणार आहे, रोपांना पस्तीस दिवस लागतात.'

या वेळी सोळा ट्रे, आठ-आठ. कुठला ट्रे कुठे ठेवायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं आणि दर आठवड्याला जागा बदलल्या. ट्रे, कोकोपीट, बी मिळून १,९०० रुपये माझ्या खिशातून गेले. फरक उरला ०.९ सेंटिमीटर, म्हणजे आधीच्या निम्मा. पण आता तो आठ ट्रे विरुद्ध आठ ट्रे असा उभा राहिला. १० एप्रिल २०२३ ला परत पाठवलं, २९ जूनला स्वीकृती आली.

पुंडलिकची शंका

१४ फेब्रुवारीला दुसरा खर्डा खानापूरकडच्या एका पहिल्या वर्षाच्या मुलाला वाचून दाखवला. नाव बदलून पुंडलिक म्हणू. मराठी माध्यमातून आलेला, हुशार, वर्गात तोंड न उघडणारा. सगळं ऐकून म्हणाला, "मॅडम, म्हणजे पेपर तपासणीच की. किती मार्कांना पास?"

मला वाटतं नव्या मुलांचा खरा गोंधळ इथेच असतो, आणि त्याला आपला 'पेपर' हा शब्द जबाबदार आहे. परीक्षेचाही पेपर आणि संशोधनाचाही पेपर. त्यामुळे रिव्ह्यूअर म्हणजे लाल पेन घेतलेला मास्तर असं त्यांना वाटतं. म्हणून भाषणातला एक अख्खा मिनिट मी यालाच दिला. रिव्ह्यूअर मार्क देत नाही. तो तुमच्याच विषयात काम करणारा, कधी वयाने तुमच्याहून लहानही असतो. तो फक्त सल्ला देतो, निर्णय एडिटरचा. त्याला सहसा पैसे मिळत नाहीत. आणि त्याच्यापुढे फक्त कागद असतो, तुमचे ट्रे नसतात.

हे शेवटचं पुंडलिकला पटेना. "मग तुम्ही तो ११.२ चा ट्रे लिहिलाच नसता तर?"

तर कुणाला कळलं नसतं, हे खरं उत्तर. ट्रेला बुरशी लागली म्हणून वगळला, असं एक वाक्य लिहिलं असतं तर परीक्षकाने मान्य केलं असतं. मांडणीतली खोट, हिशोबातली चूक, पुराव्यापेक्षा मोठा दावा हे रिव्ह्यूत सापडतं. घरी बसून रचलेले आकडे सहसा सापडत नाहीत. ही मर्यादा भाषणात ठेवायची की नाही यावर मी दोन दिवस घालवले. संशोधन दिनाला असं बोलावं का? शेवटी ठेवली.

स्यूडोरेप्लिकेशन समजावायलाही पुंडलिकच उपयोगी पडला. टी-टेस्ट त्याला अजून शिकवलेली नाही. मी म्हटलं, शितावरून भाताची परीक्षा करतात ना? एका पातेल्यातली चाळीस शितं चाखलीस तर त्या एका पातेल्याचा भात कळेल. पण 'नव्या तांदळाचा भात मऊच होतो' असं म्हणायला पातेली किती चढवली ते मोजायचं, शितं नाही. तो हसला. भाषणात हे उदाहरण जसंच्या तसं गेलं.

आभारांचा घोळ

इथवर सगळं सरळ होतं. आभार सोपे असतील अशी माझी समजूत होती.

संशोधन दिनासाठी विभागाने ४१ गोषवारे मागवले होते. प्रत्येक गोषवारा दोन परीक्षकांकडे, लेखकाचं नाव झाकून. परीक्षकांचीही नावं लेखकांना सांगायची नव्हती. एकूण चौदा परीक्षक, विभागातले प्राध्यापक, जवळच्या कॉलेजांतले दोघे-तिघे आणि पीएच.डी. संपत आलेले सीनियर. सहा गोषवारे परत गेले होते. आणि मॅडमचा बेत होता की चौदाही जणांना स्टेजवर बोलवून शाल, फळं, टाळ्या. डोक्यावर घालायच्या मैसुरी फेट्यांची चौकशीसुद्धा झाली होती.

मी म्हटलं, मॅडम, मग गुप्तता कुठे राहिली? त्यांना ते आधी पटलं नाही. "मोठ्या जर्नल्स वर्षाअखेरीला नावं छापतात की." छापतात, खरं आहे. वर्षभरातल्या सगळ्या परीक्षकांची एकच लांबलचक यादी, कुणी काय तपासलं हे न सांगता. पण तिथे यादीत शेकडो लोक असतात. आमच्याकडे चौदा. वनस्पती-रोगशास्त्रातले परीक्षक दोनच, आणि त्या विषयातला एक गोषवारा परत गेलेला. ती दोन नावं स्टेजवरून वाचली की त्या मुलीला, आणि तिच्या गाईडला, लगेच कळणार. तो परीक्षक सीनियर विद्यार्थी असेल तर पुढच्या वर्षी त्याची तोंडी परीक्षा त्याच गाईडसमोर. विभाग लहान असला की झाकलेली नावं फार झाकली जात नाहीत.

१९ तारखेला मी चौदा जणांना वेगवेगळे मेसेज केले: तुमचं नाव जाहीर केलं तर चालेल का? अकरा जण हो म्हणाले. दोघे नको म्हणाले. एकाने 'विभाग ठरवेल तसं' म्हटलं, म्हणजे नकोच. मग लक्षात आलं, अकरा नावं वाचली तरी उरलेले तीन कोण हे बोटं मोजून निघतं. म्हणजे एकतर सगळे, नाहीतर कुणीच नाही.

२३ तारखेला आणखी एक गंमत. कार्यक्रमपत्रिकेचं प्रूफ आलं, त्यात ऑफिसने प्रत्येक सत्राखाली 'परीक्षक' म्हणून नावं टाकलेली! त्यांच्या फाइलमध्ये तक्ता तसाच होता, त्यांनी तो उतरवला. दोनशे प्रती आधीच झेरॉक्स झाल्या होत्या. त्या मोजून बांधून ठेवल्या, नवीन काढायला ६५० रुपये, तेही तूर्तास माझे. तुमच्याकडे असा कार्यक्रम असेल तर पत्रिकेचं प्रूफ स्वतः बघा, आणि परीक्षकांच्या वाटपाचा तक्ता कार्यक्रमाच्या फाइलमध्ये ठेवूच नका.

नावाविना आभार कसे मानायचे? याचं उत्तर मला आइनस्टाइनच्या एका गोष्टीत सापडलं. १९३६ साली आइनस्टाइन आणि रोझेन यांनी गुरुत्वीय लहरी नसतातच, असं सांगणारा निबंध 'फिजिकल रिव्ह्यू'कडे पाठवला. संपादक टेट यांनी तो परीक्षकाकडे धाडला आणि परीक्षकाने त्यातली चूक दाखवली. आइनस्टाइन भडकले. छापायच्या आधी दुसऱ्याला दाखवायची परवानगी आपण दिलीच नव्हती, असं कळवून निबंध परत घेतला. १९३७ मध्ये तो दुसऱ्या नियतकालिकात छापून आला, पण निष्कर्ष बदलून. मधल्या काळात प्रिन्स्टनमधले रॉबर्टसन यांनी आइनस्टाइनच्या सहायकाला गप्पांच्या ओघात ती चूक पटवून दिली होती. छापील निबंधात आइनस्टाइननी रॉबर्टसन यांचे त्याबद्दल आभार मानलेत. रॉबर्टसन हेच तो परीक्षक होते, हे आइनस्टाइनना बहुधा माहीतच नव्हतं. नियतकालिकाच्या जुन्या नोंदवहीतून ते पक्कं कळायला पुढची कित्येक दशकं गेली.

म्हणजे आभार माणसापर्यंत पोचायला नाव लागतंच असं नाही, काय केलं ते नेमकं सांगितलं की बास. मी मॅडमना सुचवलं, स्टेजवर कुणालाच बोलवायचं नाही. परीक्षकांचे काही शेरे, संबंधित लेखकांची परवानगी घेऊन, मी वाचून दाखवते. विभागाकडून प्रत्येकाला वेगळं पत्र जाईल, ते त्यांच्या सेवा-नोंदीला उपयोगी पडेल. आणि पत्रासोबत पावकिलो कुंदा. बेळगावात आभार मानायचे आणि कुंदा नाही, हे मॅडमनाच काय, मलाही पटलं नसतं. चौदा डबे, १,६८० रुपये.

२८ फेब्रुवारी

भाषण कुठल्या भाषेत, हा प्रश्न आमच्याकडे असतोच. हॉलमध्ये निम्मी मुलं कन्नड, बरीचशी मराठी, थोडी दोन्ही. माझं कन्नड बाजारापुरतं. मुख्य भाषण इंग्रजीत केलं, भाताचं उदाहरण मराठीत सांगितलं, आणि तेच धारवाडकडच्या माझ्या मैत्रिणीने जागेवरून उभं राहून कन्नडमध्ये सांगितलं. सुरुवातीचं 'एल्लरिगू नमस्कार' आणि शेवटचं 'धन्यवादगळु' मी देवनागरीत लिहून पाठ केलं होतं. तरी आवाज कापलाच. ट्रेचे आकडे फळ्यावर लिहायला पाठ फिरवली तेव्हा जरा श्वास मिळाला. ही युक्ती घ्या: घाबरत असाल तर फळ्यावर लिहायचं काहीतरी ठेवा.

१४.१, ११.२, १३.०. १०.९, ११.८, १०.२. सहा आकडे लिहून विचारलं, "खत चांगलं की नाही?" मागून एक मुलगी म्हणाली, "तो ११.२ वाला काय झाला?" त्यानंतर मला फारसं समजवावं लागलं नाही.

मग शेरे वाचले. नाव नाही, विषय नाही, फक्त वाक्यं. 'तक्ता ३ मधल्या टक्केवारीची बेरीज १०४ होते.' 'विहीर कुठली? उसाच्या मळ्यातली की गावातली? नायट्रेटचा अर्थ त्यावर ठरेल.' 'निष्कर्षात "सर्व जाती" लिहिलंय, तपासलेल्या दोनच आहेत.' 'काम चांगलं आहे, पण कंट्रोल नाही. पुढच्या वर्षी कंट्रोलसह नक्की पाठवा.' हा शेवटचा शेरा परत गेलेल्या गोषवाऱ्यावरचा होता. वाचताना माझी नजर चुकून दुसऱ्या रांगेत गेली. एक सर मान खाली घालून पत्रिकेची घडी करत बसले होते. मी लगेच कागदात पाहिलं.

सहाऐवजी आठ मिनिटं झाली. सूत्रसंचालकाने चिठ्ठी पाठवली, ती मी शेरा समजून वाचायला घेतली होती!

चहाच्या वेळी पुंडलिकने आणखी एक विचारलं. परीक्षकच चुकला तर? चुकतोही. माझ्या पहिल्या परीक्षकाने उंचीऐवजी फक्त वजन द्या म्हटलं होतं. मी उत्तराच्या पत्रात लिहिलं की रोप लावणीयोग्य झालं की नाही हे आमच्याकडचा शेतकरी उंचीवर ठरवतो, म्हणून उंची ठेवली आहे, वजनही जोडलं आहे. एडिटरने ते मान्य केलं. प्रत्येक मुद्दा खाली उतरवून त्याखाली आपलं उत्तर आणि पान-ओळ क्रमांक द्यायचा, बस. सगळं मान्य करायचं असं नसतं, पण उत्तर प्रत्येकाचं द्यावं लागतं. त्याने हे मोबाइलमध्ये टिपून घेतलं.

बिल

४ मार्चला बिलं दिली: झेरॉक्स ६५०, कुंदा १,६८०. मार्चअखेर जवळ आलेली, त्यामुळे घाई केली. १३ तारखेला फाइल परत. झेरॉक्सवर शेरा होता, 'एकाच पत्रिकेच्या दोनदा प्रती का? कारण नमूद करावे.' आणि कुंद्यावर: 'लाभार्थी १४. त्यांच्या नावांची व सह्यांची यादी जोडावी.'

मॅडमनी फाइल वाचली, चष्मा काढला आणि खूप वेळ हसल्या. मग 'वाटप विभागप्रमुखांमार्फत झाले' असं लिहून स्वतः चौदा डब्यांखाली एकच सही केली. आज ८ एप्रिल. झेरॉक्सचे पैसे आलेत. कुंद्याची फाइल ऑडिटकडे आहे.